बाबा, रिचार्ज बाजाराच्या दिवशीच करा

बाबा,

गेल्या महिन्यात सहा दिवस तुमचा फोन आला नाही. मला वाटलं, वखरणीची घाई असेल, रात्री थकून झोपत असाल. तिकडे तुम्ही रोज फोन लावत होतात आणि दर वेळी फोनमधली बाई काहीतरी बोलून फोन कापत होती. शेवटी तुम्ही तो दुकानात दाखवला, त्यानं दोनशे रुपयांची नवी बॅटरी टाकून दिली, आणि तरी बाई बोलतच राहिली. फोन धडधाकट होता. रिचार्ज संपला होता, आणि दर वेळी इथून रिचार्ज मारणारी मी या वेळी विसरले होते.

म्हणून हा कागद. मोठ्या अक्षरात छापून बंडूच्या हाती पाठवते आहे. आधी चष्मा लावून एकदा नुसता वाचून काढा, मग फोन हातात घेऊन पुन्हा वाचा. नंतर कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवा.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढायची

तुम्ही अजून म्हणता, "बॅलन्स किती राहिला?" ते दिवस घासायच्या कार्डाचे. नाण्यानं कार्ड घासायचं, आकडे फोनमध्ये टाकायचे, पन्नास रुपये जमा व्हायचे आणि बोलू तसतसे कमी व्हायचे. आता तसं राहिलं नाही. आता आपण रुपये भरत नाही, दिवस भरतो. पॅक चालू आहे तोवर कितीही बोला, पैसे कमी होत नाहीत. दिवस संपले की तुमचा फोन बाहेर लागत नाही, मग खात्यात थोडेफार रुपये दिसत का असेनात.

तर तुम्हाला बघायची आहे ती तारीख. फोनवर तिला Validity म्हणतात. तुम्ही खताच्या पोत्यावरचं इंग्रजी वाचता, तसाच हा एक शब्द ओळखीचा करून घ्या. त्याच्या पुढं जी तारीख दिसेल, तोवर फोन चालणार.

दिवस संपले की आधी तुमच्याकडून जाणारे फोन बंद पडतात. बाहेरून येणारे फोन आणखी थोडे दिवस येतात, मग तेही थांबतात. म्हणूनच त्या सहा दिवसांत मामाचा फोन तुम्हाला आला, पण तुमचा त्याला जाईना. फोन येतो पण जात नाही, असं झालं की बॅटरीवाल्याकडे जायचं नाही, रिचार्ज पाहायचा. आणि ती बाई बहुतेक हेच सांगत असते.

तारीख कशी पाहायची

फोनच्या आकड्यांच्या सगळ्यात खालच्या ओळीत तीन बटणं आहेत. डाव्या कोपऱ्यात चांदणी, मधे शून्य, उजव्या कोपऱ्यात फुली मारल्यासारखी दोन आडव्या, दोन उभ्या रेघांची जाळी. चांदणीला स्टार म्हणतात, जाळीला हॅश. तुमच्या एअरटेलच्या सिमसाठी हे दाबायचं आहे:

```
*121#
```

म्हणजे स्टार, एक, दोन, एक, हॅश. मग हिरवं बटण, ज्यानं आपण फोन लावतो तेच.

दाबताना दोन ठिकाणी गडबड होते. स्टार एकदाच आणि हलक्या हातानं दाबा. दोनदा पटापट दाबला तर कितीतरी साध्या फोनवर त्याचं अधिकचं चिन्ह होतं, + असं, आणि मग काहीच चालत नाही. तसं दिसलं तर लाल बटण दाबा आणि पहिल्यापासून सुरू करा. दुसरी गडबड हॅशची. आकडे टाकायच्या आधी, नुसत्या पडद्यावर असताना, हॅश दाबून धरला तर बऱ्याच फोनची रिंग बंद होते. तुमचा फोन दिवाळीत दोन दिवस "मुका" झाला होता ना, तो खिशात हॅश दाबला गेल्यामुळं. पुन्हा तसाच दाबून धरला की आवाज परत येतो.

हिरवं बटण दाबल्यावर फोन कानाला लावू नका. इथं कोणी बोलत नाही. फोन समोर धरून चार-पाच सेकंद थांबा, पडद्यावर इंग्रजीत ओळी येतील. बहुतेक वेळा ती यादी असते, प्रत्येक ओळीच्या आधी एक आकडा. जिच्यात Balance किंवा Validity लिहिलं असेल, तिचा आकडा बघून ठेवा. मग डाव्या हाताच्या वरच्या बटणानं उत्तराची जागा उघडायची, त्या बटणाच्या वर पडद्यावर Reply किंवा Answer लिहिलेलं असतं. तिथं तो आकडा टाकून पाठवायचा. यादीतले आकडे कंपनी अधूनमधून बदलते, म्हणून "दोनच दाबा" असं मी लिहून देत नाही. ओळ वाचूनच दाबा.

मग तारीख येते. ती पडद्यावर जास्त वेळ राहत नाही, तुम्ही चष्मा पुसेपर्यंत निघूनही जाते. म्हणून पेन आणि कॅलेंडर आधीच जवळ घेऊन बसा आणि तारीख दिसली की त्या चौकोनात गोल करा. गेली तर पुन्हा लावा, याला पैसे पडत नाहीत.

घरात मधल्या खोलीत हे जमणार नाही. टॉवरची एकच काडी असली की फोन नुसताच गरगर फिरतो आणि शेवटी चूक झाल्याचं इंग्रजीत सांगतो. चूक तुमची नसते. ओसरीत या, नाहीतर मारुतीच्या पाराकडे जा, तिथं तीन काड्या मिळतात.

काकूचं सिम वेगळ्या कंपनीचं आहे, तिला हा कोड सांगू नका. जिओवाल्यानं 1299 वर फोन लावायचा. फोन आपोआप कटतो आणि मेसेजमध्ये सगळं येतं. व्हीआयवाल्याला *199# आणि बीएसएनएलला *123#. आपला नंबर कोणत्या कंपनीचा आहे हे माहीत नसलं तर फोन बंद करून चालू करा, वर कंपनीचं नाव येतं.

कोणता रिचार्ज मागायचा

आतापर्यंत मी तुमच्या फोनवर 199 चा पॅक टाकत होते, 28 दिवसांचा. त्यात इंटरनेटही येतं. तुमचा फोन बटणांचा, त्यावर इंटरनेट काय करणार? बाजारात ज्याला बैल नाही त्यानं घुंगरू विकत घ्यावे, तसं चाललं होतं.

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना सांगितलं की नुसतं बोलणं आणि मेसेज, इंटरनेट नाही, असेही पॅक ठेवले पाहिजेत. तसे पॅक जानेवारी 2025 पासून मिळू लागले. तेव्हा तुमच्या कंपनीचा 84 दिवसांचा पॅक 469 रुपयांचा झाला आणि वर्षाचा, 365 दिवसांचा, 1849 चा. भाव वरखाली होतात, म्हणून दुकानात आकडा विचारूनच घ्या. पण हिशेब बघा. 199 चे तीन पॅक म्हणजे 84 दिवस, आणि खर्च 597. तेवढेच दिवस 469 मध्ये मिळतात. 128 रुपये नुसत्या न वापरलेल्या इंटरनेटचे जात होते.

वर्षाचा पॅक आणखी स्वस्त पडतो, तरी मी तुम्हाला 84 चाच घ्यायला सांगते. एक तर 1849 रुपये एकदम काढायचे म्हटलं तर तुम्ही कापूस विकेपर्यंत थांबाल. दुसरं, वर्षातून एकदाच केलेलं काम पुढच्या वर्षी आठवत नाही. चार-पाच वेळा हातानं केलं की हा कागदही लागणार नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. दहा रुपयांचा टॉप-अप म्हणून जो मिळतो, तो घेऊ नका. त्यात बोलायला फक्त 7 रुपये 47 पैसे मिळतात, कारण दहामधून आधी सरकारचा 18 टक्के कर जातो, उरलेल्या 8.47 मधून एक रुपया कंपनी कापते. तेही जाऊ द्या, पण त्यानं तारीख पुढं सरकत नाही. पॅक संपलेल्या फोनवर दहा रुपये टाकून "आता लागेल" म्हणून तुम्ही बसाल आणि फोन लागणार नाही.

दुकानात काय करायचं

नंबर कागदावर लिहून न्या. तोंडी सांगू नका. आपल्याकडे दोन-दोन आकडे जोडून सांगायची सवय आहे आणि घात तिथंच होतो. मागच्या वर्षी काकांनी "एकोणसत्तर" सांगितलं, म्हणजे 69. पोरानं 79 टाकलं, आणि रिचार्ज कोण्या अनोळखी माणसाच्या फोनवर गेला. त्याला फोन करून पाहिला, त्यानं उचलला नाही. पैसे गेले ते गेलेच. चुकीच्या नंबरवर गेलेला रिचार्ज परत आणणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून सगळी काळजी आधीच घ्यायची.

दुकानात म्हणायचं: "84 दिवसांचा, फक्त बोलायचा, नेट नको." मग त्यानं आकडा सांगितला की विचारायचं, "दिवस किती?" त्यानं 84 म्हटलं तरच पुढं. नंबर टाकून झाला की त्याला म्हणा, "शेवटचे चार आकडे वाचून दाखव बापा." आकडे एकेक वाचायला लावा, जोडून नाही. कागदाशी जुळले की "मार" म्हणा.

आकडा तंतोतंत पाहिजे. 469 चा पॅक असेल तर 469च, 470 नाही. सुट्टे नाहीत म्हणून "पाचशेचा टाकून देऊ का" असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा, एक रुपयाचा फरक पडला तरी पॅक लागत नाही. सुट्ट्याचं नंतर पाहता येतं.

पैसे लगेच काढू नका. फोन हातात धरून थांबा, साधारण मिनिटाभरात मेसेज येतो. मेसेजमध्ये 469 आणि 84 हे दोन आकडे शोधा. दिसले की पैसे द्या. दुकानदार ओळखीचा आहे, वाईट वाटून घेणार नाही. पण बाजाराच्या दिवशी त्याच्यासमोर दहा माणसं उभी असतात आणि त्याच्या हातून चूक होऊ शकते.

घरी आल्यावर पुन्हा *121# लावा. कॅलेंडरवर केलेला जुना गोल आणि फोनवरची नवी तारीख, दोन्हींत जवळजवळ 84 दिवसांचं अंतर पडायला पाहिजे. नवा गोल करा.

बारा बाजारांचा हिशेब

हे मला परवा रात्री सुचलं आणि त्यासाठीच खरं तर हा कागद लिहायला घेतला. 84 ला सातनं भागा. बारा आठवडे होतात, बाकी उरत नाही. म्हणजे मंगळवारी केलेल्या रिचार्जची वेळ पुन्हा मंगळवारच्या आसपासच येणार, आणि आपला बाजार मंगळवारचा. 28 दिवसांचाही हिशेब तसाच, चार बाजार.

समजा तुम्ही 10 जूनला, मंगळवारी, बाजारात रिचार्ज केला. तो दिवस पहिला धरला तर 84 वा दिवस सोमवार, 1 सप्टेंबर. म्हणजे त्या रात्री पॅक संपतो आणि बारावा बाजार, 2 सप्टेंबरचा, उजाडतो तेव्हा फोन मुका झालेला असतो. म्हणून अकराव्या बाजाराला रिचार्ज करायचा, 26 ऑगस्टला. गणपतीच्या खरेदीच्या आसपासच येतो, विसरणं कठीण.

आठवडाभर आधी केला तर ते दिवस बुडत नाहीत ना, असं तुम्ही विचाराल. बहुतेक पॅकमध्ये उरलेले दिवस पुढं जोडले जातात, किंवा नवा पॅक जुना संपल्यावर चालू होतो. तुमच्या पॅकमध्ये काय झालं, हे कोड लावल्यावर तारीखच सांगेल. अगदी बुडाले असे धरले तरी सहा-सात दिवस जातात. त्यापेक्षा श्रावणात रस्ता बंद पडून, रिचार्ज संपून, फोनशिवाय घरात अडकणं वाईट.

बाजार मोजायला आईची पद्धत वापरा. ती दूधवाल्याचा हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवते तशी रिचार्जनंतरच्या प्रत्येक बाजाराला कॅलेंडरवर एक रेघ. अकरा रेघा झाल्या की त्याच दिवशी कागद खिशात.

काही बिघडलं तर

पैसे दिले, मेसेज नाही, तारीखही तीच जुनी. अशा वेळी दुकानदाराकडं त्या व्यवहाराचा नंबर असतो, तो कागदावर लिहून घ्या. कधीकधी पावसात लाइन गेली की रिचार्ज अडकतो आणि तासाभरानं आपोआप येतो. संध्याकाळपर्यंत नाही आला तर 198 वर फोन लावा. हा तक्रारीचा नंबर आहे, सगळ्या कंपन्यांचा एकच, फुकट. सुरुवातीला यंत्र बोलतं आणि भाषा विचारतं, मराठीला जो आकडा सांगेल तो दाबा. तक्रार केली की तक्रारीचा नंबर मिळतो, तोही लिहून ठेवा. घाबरून दुसऱ्यांदा रिचार्ज करू नका, पहिला आला की दोन्ही लागतात.

एक सावधगिरी. कोणी फोन करून म्हणेल की तुमचं सिम दोन तासांत बंद होणार, अमुक कोड दाबा, तर तो कंपनीचा माणूस नाही. *401* पासून सुरू होणारा कोड दाबायला लावून आपले येणारे फोन स्वतःकडे वळवून घ्यायचे, हा जुना फसवणुकीचा धंदा आहे. 2024 मध्ये सरकारनं कंपन्यांना ही सोय बंद करायला लावली, पण फोन करणारे नवीन काहीतरी काढतातच. तुम्ही या कागदावर लिहिलेल्याशिवाय दुसरा कोणताही कोड कोणाच्याही सांगण्यावरून दाबायचा नाही. फसलोच असं वाटलं तर वेळ न घालवता 1930 लावा.

आणि हो, हा नंबर मरू द्यायचा नाही. बँकेत हाच आहे, आधारला हाच आहे, पीएम किसानच्या 2000 रुपयांचा मेसेज यावरच येतो. सिम 90 दिवस अजिबात वापरलं नाही आणि त्यात 20 रुपयेही नसले तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि मग तोच नंबर पुढं दुसऱ्या कोणाला देऊ शकते. तेव्हा तुमचे ओटीपी त्याच्याकडं जाणार. तुम्ही तीन महिने फोन न वापरता राहाल असं नाही, पण आजोबांच्या नावावर जे जुनं सिम ट्रंकेत पडलं आहे, त्यावर बँकेचं काही जोडलेलं असेल तर ते आधी बदलून घ्या.

आता आजचं काम. *121# लावा, तारीख पाहा, कॅलेंडरवर गोल करा. मी बुधवारी संध्याकाळी सातला फोन करते तेव्हा मला तारीख सांगा. रिंग वाजली नाही तर हॅश दाबून धरला गेला असं समजते आणि आईच्या फोनवर लावते.